निरोपाचं चार मिनिटांचं भाषण: कारकुनानं ते कसं लिहावं

सरकारी कार्यालयात ३१ मे हा दिवस गर्दीचा. आमच्या पिढीतल्या कित्येकांना शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून टाकली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ५८ पूर्ण करणारे सगळे १ जूनवाले एकाच संध्याकाळी शाल-श्रीफळ घेतात. सोलापुरात त्या दिवसांत पारा चाळिशीच्या पुढे असतो, सभागृहातले पंखे घरघरत असतात. चार-पाच सत्कारमूर्ती रांगेत बसलेले असतात, साहेबांना साडेपाचला व्हीसी असते आणि मागच्या बाकांपाशी अल्पोपहाराच्या ताटल्या लागायला सुरुवात झालेली असते. या सगळ्यात तुम्हाला उठून बोलायचं असतं.

मी स्वतः कारकून म्हणूनच निवृत्त झालो. त्याआधी आणि नंतर बऱ्याच सहकाऱ्यांची निरोपाची भाषणं लिहायला मदत केली, कारण माझं अक्षर बरं आहे असा एक गैरसमज ऑफिसात होता. जन्मभर टिपणी आणि पत्राचा मसुदा लिहिलेल्या माणसाला स्वतःबद्दल दोन ओळी लिहिणं किती जड जातं, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून पहिल्यांदाच, आणि बहुधा एकदाच, असं भाषण करणाऱ्यांसाठी हे लिहितो.

आधी वेळ ठरवा

चार मिनिटं. माईकवर बोलायची सवय नसलेला माणूस कागद बघत मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतो, म्हणजे चारशे शब्द झाले. फुलस्केपच्या एका पाठपोट कागदात ते मोठ्या अक्षरात बसतात. तुमच्या आधी सूत्रसंचालक, संघटनेचे पदाधिकारी, दोन सहकारी आणि साहेब बोललेले असतात. पाचव्या मिनिटाला लोक घड्याळाकडे बघायला लागतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

घड्याळ लावून घरी एकदा मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलेलं चार मिनिटांचं भाषण तोंडानं साडेसहा मिनिटांचं निघतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

सेवापुस्तक कपाटात ठेवा

पहिला मसुदा जवळजवळ प्रत्येकाचा सारखाच येतो. अमुक साली कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू, मग तमुक तालुक्याला बदली, मग आस्थापना, मग आवक-जावक, मग पदोन्नतीनं अव्वल कारकून. हे वाईट नाही, पण हे तुमचं भाषण नाही, तुमचा परिचय आहे. तो सूत्रसंचालक वाचणारच आहे. किंबहुना तुम्हीच त्याला चार ओळींची चिठ्ठी आदल्या दिवशी नीट लिहून द्या, म्हणजे तो तारखा चुकवणार नाही आणि तुमच्यावर त्या सांगायची वेळ येणार नाही. भाषणाच्या सुरुवातीला "ते आत्ताच वाचून दाखवलं, म्हणून सोडतो" एवढं म्हटलं की सभागृह मनातून तुमचे आभार मानतं.

बदल्यांची यादी का कंटाळवाणी होते, हे एकदा समजून घेतलं की ती लिहायचा मोह सुटतो. यादीत सगळी गावं एकाच मापाची असतात. जिथं तुम्ही आठ महिने काढले ते आणि जिथं तुमची मुलं शाळेत गेली ते, दोन्ही एकेका ओळीत जातात. ऐकणाऱ्याला त्यातून तुम्ही दिसत नाही, फक्त आदेश दिसतात.

मग काय सांगायचं, ते शोधायचं कसं

खरी मेहनत इथंच आहे. सगळ्या नोकरीतून एक प्रसंग निवडायचा. मोठा नको. तुमच्या टेबलावर घडलेला, तुमच्यात काही बदल करून गेलेला, आणि चार वाक्यांत सांगता येईल असा. तो एकट्यानं आठवायला बसलं तर सापडत नाही. माणूस "तसं विशेष काही नाही हो" यावर येऊन थांबतो. म्हणून ज्याच्याबरोबर तुम्ही डबा खाल्ला अशा कुणाला समोर बसवा, चहा सांगा, आणि त्याला प्रश्न विचारू द्या.

मी तीन प्रश्न विचारतो. टेबलासमोर येणाऱ्या लोकांपैकी आजही चेहरा आठवतो असं कोण? कामाची कोणती सवय तुम्हाला कुणी न शिकवता लागली, आणि ती कधीपासून? तुमच्या टेबलावर किंवा टेबलाजवळ असं काय आहे, जे यादीत नाही पण तुमच्यामुळे तिथं आहे? तिसरा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. पण उत्तर बहुतेक वेळा त्याच्यातूनच निघतं.

आमचे एक भाऊसाहेब होते. (महसूल खात्यात कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, तहसीलदारांना रावसाहेब, हे बाहेरच्यांसाठी.) ते निवृत्त होणार तेव्हा त्यांनी मला दोन पानं दाखवली, सगळी बदल्यांची. पहिल्या प्रश्नाला म्हणाले, "चेहरे कसले आठवतात, रोज शंभर माणसं." दुसऱ्यालाही काही निघालं नाही. तिसऱ्याला मात्र हसले. "एक खुर्ची आहे. माझ्या टेबलासमोर. ती कुठल्या जडवस्तू नोंदवहीत सापडणार नाही."

"का ठेवलीत?"

मग गोष्ट बाहेर आली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते कर्नाटकच्या सीमेकडच्या एका तालुक्यात निराधार योजनेच्या टेबलावर होते. येणारी निम्मी माणसं कानडी बोलणारी. यांना कानडी येईना. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं एक वाक्य शिकवलं: "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. त्या एका वाक्यावर यांनी कित्येक दिवस काढले. एकदा एका म्हाताऱ्या बाईंना ते तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून खालीच बसल्या आणि काहीतरी बोलल्या. शिपायानं मराठीत सांगितलं. बाई म्हणत होत्या, "तुमचा उद्या म्हणजे माझं एसटीचं तिकीट आणि एका दिवसाचा रोजगार. तो उद्या तुम्ही मला विकत घेऊन द्या." यांनी उठून फाइल शोधली. वयाचा पुरावा जोडलेला नव्हता, बस. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर बाई दुसऱ्या खेपेला तो घेऊन आल्या असत्या.

हेच ते भाषण. दोन पानं बदल्या बाजूला ठेवल्या.

प्रसंग बरोबर निवडला आहे का, हे ओळखायची माझी खूण साधी आहे: त्यात तुम्ही किंचित वाईट दिसायला हवेत. ज्या गोष्टीत तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगलेच आहात, ती दुसऱ्यानं सांगायची गोष्ट आहे. तुम्ही सांगितली की ती आत्मस्तुती होते, आणि साहेबांनी सांगितली की कौतुक होतं. तसा एखादा प्रसंग असेल तर तो मित्राला सांगून ठेवा, तो बोलेल.

नम्रपणा शब्दात नको

"माझ्यासारख्या सामान्य कारकुनाचा एवढा मोठा सत्कार केलात" हे वाक्य जवळपास प्रत्येक मसुद्यात असतं. मी ते काढतो. हे ऐकून लोकांना मान हलवून "नाही नाही" म्हणावं लागतं, म्हणजे नम्रपणाच्या नावाखाली आपण कौतुकच मागतो. दुसरं वाक्य: "माझ्या हातून कळत-नकळत काही चूक झाली असल्यास क्षमा असावी." अशी माफी कुणालाच लागू होत नाही. "झाली असल्यास" या शब्दांत चूक झालीच नाही असा अर्थ आधीच दडलेला असतो. त्यापेक्षा झालेली एक छोटी चूक सरळ सांगा आणि क्षमा हा शब्दही वापरू नका. भाऊसाहेबांच्या भाषणात "मी न बघताच उद्या या म्हणालो" एवढंच आहे. ते पुरतं.

पण चूक निवडताना डोकं ठिकाणावर ठेवा. एका सत्कारमूर्तींना गहाळ झालेल्या नस्तीची गंमत सांगायची होती. अहो, तुमचं पेन्शन प्रकरण अजून पूर्ण व्हायचं आहे, ना-चौकशी प्रमाणपत्राची शाई वाळायची आहे, आणि माईकवर कबुली कसली देता? पैशाचा हिशेब, हरवलेली कागदपत्रं, चालू प्रकरण, कुणाची चौकशी, यातलं काहीही भाषणात आणू नये. ज्या माणसाची गोष्ट सांगता त्याचं नाव आणि गावही सांगू नये. त्यांचा अर्ज तुमच्यापर्यंत कामासाठी आला होता, गोष्टीसाठी नाही. आणि कुठल्या साहेबांनी पदोन्नती अडवली, हे तर नाहीच. ते खरं असलं तरी त्या दिवशी ऐकायला ते साहेब नसतात, त्यांच्या जागेवर आलेले असतात.

आभार

इथं भाषण फुगतं. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं राहतं, आणि राहिलेला माणूस ते विसरत नाही. माझा उपाय असा: सगळ्यांचे आभार एका वाक्यात, आणि नावानिशी किंवा नात्यानिशी फक्त दोघांचे. एक ऑफिसातला, शक्यतो ज्याला व्यासपीठावर कुणी बोलावलं नाही असा. दुसरी घरची. दोघांच्या बाबतीत त्यांनी केलेली एखादी दिसणारी गोष्ट सांगा. "पत्नीची मोलाची साथ लाभली" या वाक्यानं समोर बसलेल्या बायकोच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही, हे मी पाहिलेलं आहे. भाऊसाहेबांना मी विचारलं, वहिनींनी नक्की काय केलं? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डब्यात एक भाकरी जास्त असायची. कुणीतरी उपाशी आलेला असतो म्हणायची." ते लिहिलं.

सोलापूरच्या सभागृहात आणखी एक सोय आहे. समोर मराठी, कानडी, तेलुगू, दखनी बोलणारी माणसं एकत्र बसलेली असतात. तुम्हाला खरोखर येतं असं दुसऱ्या भाषेतलं एखादं छोटं वाक्य भाषणात आलं तर लोक लगेच जवळ येतात. मात्र उच्चार त्या भाषेच्या माणसाकडून तपासून घ्या. आणि न येणारं वाक्य पाठ करून टाळीसाठी फेकू नका. पूर्व भागातला एखादा तेलुगू भाषक सहकारी पहिल्या रांगेतच हसतो, आणि ते हसू कौतुकाचं नसतं.

तयार झालेलं भाषण

तीन वेळा खाडाखोड करून जे राहिलं ते खाली देतो. भाऊसाहेबांच्या परवानगीनं, नावं वगळून.

*रावसाहेब, व्यासपीठावरची मंडळी, आज माझ्याबरोबर निवृत्त होणारे सहकारी आणि समोर बसलेले सगळे, नमस्कार.*

*माझी नोकरी कुठं कुठं झाली ते आत्ताच वाचून दाखवलं, म्हणून ते सोडतो. मी फक्त दोन कानडी वाक्यांबद्दल बोलणार आहे.*

*नोकरीला लागलो तेव्हा मला कानडी येत नव्हतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्ध्या लोकांना मराठी येत नव्हतं. शेजारच्या मित्रानं मला पहिलं वाक्य शिकवलं: नाळे बर्री. उद्या या. फार उपयोगी वाक्य आहे. ते म्हटलं की समोरचा माणूस निघून जातो.*

*एक आजी होत्या. त्यांना मी ते तीनदा म्हणालो. तिसऱ्या वेळी त्या गेल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, तुमचा उद्या म्हणजे माझं एसटीचं तिकीट आणि एका दिवसाचा रोजगार. मी फाइल काढली. एक कागद कमी होता. तिन्ही दिवस तोच कमी होता. मी फाइल न बघताच उद्या या म्हणालो होतो.*

*त्या दिवशी आमच्या शिपाई मामांकडून मी दुसरं वाक्य शिकलो. बर्री, कूड्री. या, बसा. पण बसा म्हणायचं तर बसायला काहीतरी हवं. मामांनी रेकॉर्ड रूममधून एक मोडकी खुर्ची आणली, तिचा पाय ठोकून बसवला, आणि ती माझ्या टेबलासमोर ठेवली. पुढं बदली झाली की प्रत्येक ठिकाणी मी आधी एक मोडकी खुर्ची शोधायचो. सगळीकडे सापडली. सरकारी ऑफिसात मोडक्या खुर्च्यांची कमतरता नसते.*

*माणूस बसला की त्याचं काम लवकर होतं असं नाही. कागद कमी असेल तर तो कमीच असतो. पण समोर बसलेल्या माणसाला न बघता उद्या या म्हणता येत नाही. फाइल उघडावीच लागते. मला तेवढंच जमलं.*

*मामा आज इथं नाहीत, ते आधीच निवृत्त झाले. त्यांची आठवण काढतो. माझ्या घरी रोज डब्यात एक भाकरी जास्त असायची, कुणीतरी उपाशी आलेला असतो म्हणून. ती कुणाकुणाच्या पोटात गेली याचा हिशेब तिनं कधी विचारला नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, विशेषतः संगणक आल्यावर. त्याबद्दल आभार.*

*एक विनंती आहे. उद्या माझ्या जागेवर जे कुणी येईल, त्यांना माझी खुर्ची नको असेल तर बदलून घ्या. समोरची तेवढी राहू द्या. तिचा डावा पाय दर पावसाळ्यात सैल होतो. खिळा माझ्या खणात आहे.*

*नमस्कार.*

शब्द मोजलेत तर तीनशेच्या आसपास भरतील, म्हणजे चार मिनिटांच्या आतच. टाळ्या, हशा आणि घसा खाकरणं यांना उरलेला वेळ लागतोच. शेवटी उपदेश नाही, फक्त खिळा कुठं आहे ते सांगितलं आहे. पहिल्या खर्ड्यात इथं "तरुण सहकाऱ्यांनी जनतेची सेवा हीच ईश्वरसेवा मानावी" असं होतं. ते मी खोडल्यावर भाऊसाहेब नाराज झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन करून खिळ्याचं सांगितलं.

हीच रचना तुमच्या प्रसंगाला वापरता येईल, पण खुर्ची उचलू नका. आवक-जावकच्या टेबलावर सगळी वर्षं काढलेल्या एका बाईंच्या भाषणात बारनिशीची नोंदवही होती. दर १ जानेवारीला नव्या वहीत पहिला क्रमांक टाकताना त्या पेन बदलायच्या, का ते त्यांनी सांगितलं, आणि झालं.

कागद, चष्मा आणि गळा

आता प्रत्यक्ष दिवसाचं. भाषण मोठ्या अक्षरात, दोन ओळींत अंतर सोडून लिहा आणि कागद घडी न करता कडक फाइलीत ठेवा. घामानं भिजलेली चार घड्यांची चिठ्ठी पंख्याखाली उडते. जवळचा चष्मा शर्टाच्या खिशात ठेवू नका. त्या खिशावर शाल आणि हार येतो, आणि मग माईकसमोर अर्धा मिनिट हात आत घालून शोधाशोध चालते. चष्मा घरच्या माणसाकडे द्या आणि उठताना घ्या. हार आणि शाल बोलण्याआधी काढून खुर्चीवर ठेवली तर कुणाचा अपमान होत नाही. फेटा मात्र राहू द्या, तो बांधणाऱ्यानं मेहनत घेतलेली असते.

गळा दाटून येणार, हे धरूनच चला. कुठं दाटतो ते घरी मोठ्यानं वाचताना कळतं. बहुतेकांचा घरच्या उल्लेखापाशी दाटतो. म्हणून ती ओळ शेवटी ठेवायची नाही. शेवटी ठेवली आणि आवाज गेला, तर भाषण तिथंच तुटतं. मध्ये ठेवली तर थांबता येतं, पाणी पिता येतं, आणि तिच्या मागं एखादं हलकं वाक्य ठेवलं की आवाज परत येतो. भाऊसाहेबांच्या भाषणातलं संगणकाचं वाक्य त्याच कामासाठी आहे. ते विनोद म्हणून लिहिलेलं नाही, पण लोक हसतात.

एक प्रत घरच्या माणसाकडे द्या. कुणी भाषण करायचं ठरवून आयत्या वेळी बोलूच शकला नाही, असं दोनदा पाहिलं. त्यातल्या एकांच्या मुलीनं उठून वडिलांचा कागद वाचला, आणि तेही छान झालं.

साहेबांची व्हीसी मध्येच आली तर काय, असं लोक विचारतात. ते उठून गेले तर जाऊ द्या, नवी सुरुवात करू नका आणि घाईही करू नका. भाऊसाहेबांच्या वेळी रावसाहेब "नाळे बर्री" ऐकून दारातच थांबले. त्यांची बदली झाल्यावर म्हणे आणखी दोन टेबलांसमोर खुर्च्या आल्या. मी त्या पाहिलेल्या नाहीत. भाऊसाहेबांची मात्र पाहिली. डावा पाय अजून हलतो.